तडे गेलेला बीम, सोळाच्या तीन सळया आणि तिसरी टाकी

प्रश्न: जुळे सोलापुरात एका घराच्या गच्चीवर दोन समांतर आरसीसी बीमांवर पाण्याच्या टाक्या आहेत. बीम २३० × ४५०, स्पॅन ६ मीटर, खाली १६ च्या तीन सळया, वर रिंगा टांगायला १० च्या दोन, ड्रॉइंगप्रमाणे एम २० काँक्रीट आणि ४१५ ग्रेडचं लोखंड. दोन्ही टोकांना ५,००० लिटरची एकेक टाकी आहे, मधली जागा रिकामी आहे आणि मालकांना तिथे तिसरी बसवायची आहे. बीमला मध्यभागी खालून बारीक उभे तडे आहेत. मी पूर्ण सेक्शन धरून M/Z काढलं तर खालच्या काँक्रीटमध्ये ६ च्या वर ताण येतो. म्हणजे बीम आत्ताच निकामी झाला का? क्रॅक्ड सेक्शनमध्ये न्यूट्रल अ‍ॅक्सिस आणि सळयांमधला स्ट्रेस नक्की कसा काढायचा?

उत्तर:

बीम निकामी झालेला नाही. तुमचं गणितही चुकलेलं नाही, फक्त ते या बीमला आता लागू पडत नाही. तिसरी टाकी मात्र या बीमांवर बसवू नका. ही दोन्ही विधानं एकाच हिशेबातून निघतात, म्हणून तो हिशेब सावकाश करू.

आधी बीमवर मोमेंट किती येतो ते पाहू. बीमचं स्वतःचं वजन मीटरला सुमारे २.६ किलोन्यूटन. वरची शहाबादी फरशी, तिच्याखालचा मसाला आणि रिकाम्या टाक्या मिळून आणखी २.४ धरले, तर ५ किलोन्यूटन प्रति मीटर होतात. ६ मीटरच्या स्पॅनला wl²/८ ने २२.५ किलोन्यूटन-मीटर. ५,००० लिटर पाणी म्हणजे ५० किलोन्यूटन. ते दोन बीमांत वाटलं जातं, म्हणून एका बीमवर एका टाकीचे २५ किलोन्यूटन, साधारण २ मीटर लांबीवर पसरलेले. टोकांच्या दोन टाक्या मिळून मध्यभागी २५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट देतात. म्हणजे आज भरलेल्या टाक्यांसह एकूण ४७.५. बीम कॉलमशी एकसंध ओतलेला असल्याने टोकांना थोडा आवळ असेल, त्यामुळे मधला मोमेंट प्रत्यक्षात याहून थोडा कमी भरेल. पण टोकाला वरच्या बाजूने किती सळया आत गेल्या आहेत ते माहीत नसताना तो फायदा मी धरत नाही.

आता तुमचा आकडा. पूर्ण सेक्शनचा I = २३० × ४५०³ / १२ = १७४.६६ कोटी मिमी⁴. खालच्या कडेला ४७.५ × १०⁶ × २२५ / १७४.६६ × १०⁷ = ६.१ न्यूटन प्रति चौरस मिमी. (पुढे सगळीकडे स्ट्रेस याच एककात.) एम २० काँक्रीट वाकताना ०.७√२० म्हणजे ३.१ च्या आसपास तडकतं. तेव्हा ६.१ या आकड्याचा अर्थ एवढाच, की इतका ताण तिथे कधी पोचलाच नाही. ३.१ लाच काँक्रीट तडकलं, ताण सोडून मोकळं झालं आणि सगळा ताण सळयांकडे गेला. तडकण्याचा मोमेंट काढला तर ३.१३ × १७४.६६ × १०⁷ / २२५ = २४.३ किलोन्यूटन-मीटर येतो. टाक्या रिकाम्या असतानाचा मोमेंट २२.५ होता, तो याच्या जरा खाली. म्हणून पाणी भरेपर्यंत बीम बहुधा अखंड राहिला असेल, आणि टाक्या पहिल्यांदा भरल्या त्या दिवशीच हे तडे गेले असतील. आरसीसी बीमचं डिझाइन मुळातच असं असतं. खालचं काँक्रीट तडकेल, ताण सळया घेतील आणि दाब वरचं काँक्रीट घेईल.

तडकलेल्या सेक्शनचं गणित तीन गृहीतकांवर उभं आहे. वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाट राहतो, म्हणून स्ट्रेन उंचीच्या सरळ प्रमाणात बदलतो. काँक्रीट आणि सळई एकमेकांना घट्ट धरून आहेत, म्हणून सळईच्या पातळीवर दोघांचा स्ट्रेन एकच. आणि न्यूट्रल अ‍ॅक्सिसच्या खालचं काँक्रीट ताणात काहीच घेत नाही. दुसऱ्या गृहीतकातूनच रूपांतरित क्षेत्रफळ येतं. स्ट्रेन सारखाच असेल आणि लोखंड काँक्रीटपेक्षा m पट ताठ असेल, तर लोखंडातला स्ट्रेस त्या पातळीवरच्या काँक्रीटच्या m पट येणार. म्हणून सळयांच्या जागी m पट क्षेत्रफळाचं, ताण सोसू शकणारं काल्पनिक काँक्रीट ठेवलं तरी बळ तेवढंच भरतं. मग सगळा छेद एकाच पदार्थाचा होतो आणि नेहमीचं बेंडिंगचं सूत्र चालतं.

m किती घ्यायचा? आयएस ४५६ च्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत (२००० च्या आवृत्तीत ती परिशिष्ट बी मध्ये आहे) m = २८० / (३σcbc). एम २० ला σcbc ७ आहे, म्हणून m = १३.३३. हा आकडा Es/Ec या सरळ गुणोत्तरापेक्षा मोठा आहे, कारण काँक्रीट कायमच्या भाराखाली हळूहळू दबत जातं, म्हणजे त्याला क्रीप येतो, आणि तो अंशतः यात धरला आहे. पाण्याची टाकी हा जवळजवळ कायमचा भार. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे लोक टाक्या भरलेल्याच ठेवतात. म्हणून इथे हाच m योग्य.

तुमच्या बीमचे आकडे घालू. सोळाच्या तीन सळयांचं क्षेत्रफळ ६०३.२ चौरस मिमी, m ने गुणून ८,०४१ चौरस मिमी. कव्हर, ८ ची रिंग आणि सळईचा अर्धा व्यास मिळून ५० मिमी धरले, तर वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतची खोली d = ४०० मिमी.

न्यूट्रल अ‍ॅक्सिस वरून x खोलीवर आहे असं माना. बीमवर आडवं ओढणारं किंवा दाबणारं बाहेरचं बळ नाही, म्हणून वरचा एकूण दाब आणि खालचा एकूण ताण समान हवेत. एकाच पदार्थाच्या छेदात याचा अर्थ, न्यूट्रल अ‍ॅक्सिसभोवती वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांचे प्रथम मोमेंट समान:

b·x·(x/२) = m·Ast·(d − x)

२३०·x²/२ = ८०४१·(४०० − x)

११५x² + ८०४१x − ३२१६४०० = ०

धन मूळ x = १३५.९ मिमी. सोडवल्यावर हा आकडा समीकरणात परत घालून पाहायची सवय ठेवा. डावी बाजू ११५ × १३५.९² म्हणजे २१.२४ लाख आणि उजवी ८,०४१ × २६४.१ म्हणजे २१.२४ लाख, जुळलं. शिवाय x आणि d चं गुणोत्तर ०.३४ आहे. नेहमीच्या एकेरी सळयांच्या बीमात ते ०.२५ ते ०.४ मध्ये पडतं. ते ०.६ आलं, तर बहुधा सळयांचं क्षेत्रफळ किंवा m दोनदा गुणला गेला आहे असं समजून मागे जावं.

या समीकरणात मोमेंट कुठेच नाही, याकडे लक्ष द्या. तडकलेल्या पण अजून लवचिक अवस्थेत असलेल्या बीमचा न्यूट्रल अ‍ॅक्सिस भारावर ठरत नाही, फक्त छेदाच्या मापांवर आणि m वर ठरतो. टाकी अर्धी भरा की पूर्ण, तो १३६ वरच राहतो. स्ट्रेस मात्र भाराप्रमाणे कमी-जास्त होतात.

बऱ्याच जणांचं गणित एका जागी अडतं, आणि तुमचंही तिथेच अडलं असावं. काही ठिकाणी (m − १)Ast दिसतं, काही ठिकाणी mAst. छेद अखंड असतो तेव्हा सळईने व्यापलेली जागा आपण काँक्रीटमध्ये आधीच मोजलेली असते, म्हणून एक वजा करावा लागतो. छेद तडकल्यावर त्या भागातलं काँक्रीट आपण शून्यच धरतो, म्हणून वजा करायला काही उरत नाही आणि पूर्ण m घ्यायचा. दाबाच्या बाजूला सळया असतील तर तिथे काँक्रीट काम करतंय, म्हणून वजा एक पुन्हा येतो, आणि क्रीपमुळे तिथे m च्या ऐवजी १.५m घेतात. तुमच्या बीमात वर दहाच्या दोन सळया फक्त रिंगा टांगायला आहेत. त्या सोडून द्या. त्या धरल्या तर काँक्रीटचा स्ट्रेस थोडा कमी दिसेल, खालच्या सळयांच्या स्ट्रेसमध्ये फारसा फरक पडणार नाही.

आता तडकलेल्या छेदाचा I:

Icr = b·x³/३ + m·Ast·(d − x)²

पहिलं पद १९.२४ कोटी, दुसरं ५६.०९ कोटी, एकूण ७५.३३ कोटी मिमी⁴. सळयांचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा I नगण्य, तो सोडला आहे. पूर्ण छेदाचे १७४.६६ कोटी होते. म्हणजे ताठपणा निम्म्याहून खाली आला. बीम अंदाजापेक्षा जास्त झोलला असं वाटतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं. काँक्रीट वाईटच असेल असं नाही.

आजच्या ४७.५ किलोन्यूटन-मीटरला वरच्या कडेचा काँक्रीटमधला दाब:

fc = M·x/Icr = ४७.५×१०⁶ × १३५.९ / ७५.३३×१०⁷ = ८.६

आणि सळयांमधला ताण:

fs = m·M·(d − x)/Icr = १३.३३ × ४७.५×१०⁶ × २६४.१ / ७५.३३×१०⁷ = २२२

या दुसऱ्या सूत्रातला m विसरणं ही सर्वात नेहमीची चूक. m न गुणता १६.७ येतात. तो सळयांच्या जागी ठेवलेल्या काल्पनिक काँक्रीटचा स्ट्रेस आहे, लोखंडाचा नव्हे. ही चूक लगेच पकडायची असेल तर बळांची बेरीज करा. वरचा दाब ½ × ८.५७ × २३० × १३५.९ म्हणजे सुमारे १३४ किलोन्यूटन आणि खालचा ताण ६०३.२ × २२२ म्हणजेही सुमारे १३४. हे दोन जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे, पुढे जाऊ नका.

स्टीलचा स्ट्रेस काढायचा आणखी एक रस्ता आहे आणि साइटवर मी तोच वापरतो. दाबाचा त्रिकोण वरून x/३ वर केंद्रित होतो, म्हणून दाब आणि ताण यांमधलं अंतर, म्हणजे लिव्हर आर्म, d − x/३ = ४०० − ४५.३ = ३५४.७ मिमी. मग fs = M/(Ast × ३५४.७) = २२२. तेच उत्तर, I न काढता. या रूपात एक गोष्ट स्वच्छ दिसते. m बदलला की x बदलतो, पण x चा फक्त तिसरा हिस्सा लिव्हर आर्ममध्ये जातो, त्यामुळे स्टीलचा स्ट्रेस फारसा हलत नाही. करून पाहा. क्रीप सोडून Ec = ५०००√२० घेतलं तर m ८.९४ येतो, x ११५.५ मिमीवर चढतो, काँक्रीटचा दाब ८.६ चा ९.९ होतो, पण सळयांचा ताण २२२ चा फक्त २१८ होतो. म्हणून स्टीलच्या आकड्यावर मी बराच भरवसा ठेवतो आणि काँक्रीटच्या आकड्यावर कमी. क्रीपने वर्षानुवर्षं न्यूट्रल अ‍ॅक्सिस खाली सरकत जातो, दाब जास्त खोलीवर पसरतो, काँक्रीटचा कमाल स्ट्रेस उतरतो आणि सळयांवर थोडासा बोजा वाढतो.

तडकण्याआधी आणि नंतर सळयांमध्ये किती फरक पडतो तेही बघा. अखंड छेदाच्या हिशेबाने सळईच्या पातळीवर काँक्रीटचा ताण ४.८ च्या आसपास येतो, आणि m ने गुणून लोखंडाचा ६३. खरा आकडा २२२. M/Z च्या भरवशावर राहिलं तर काँक्रीटविषयी उगाच भीती वाटते आणि सळयांविषयी खोटा दिलासा मिळतो. आणि एकदा तडकलेला छेद टाकी रिकामी केली म्हणून पुन्हा सांधला जात नाही. तडे आक्रसतात, पण काँक्रीट ताण घेऊ लागत नाही. म्हणून टाक्या रिकाम्या असतानाच्या २२.५ किलोन्यूटन-मीटरलाही आता तडकलेलाच छेद धरायचा. सळयांमध्ये तेव्हा १०५ असतात, अखंड छेदाच्या हिशेबाने येणारे ३० नव्हेत.

हे आकडे चालण्यासारखे आहेत का? ४१५ ग्रेडच्या सळयांना वर्किंग स्ट्रेस पद्धतीत २३० पर्यंत परवानगी आहे, २२२ त्याच्या आत बसतात. लिमिट स्टेटने डिझाइन केलेल्या बीमात रोजच्या भाराला सळयांमध्ये साधारण एवढाच स्ट्रेस असतो. आयएस ४५६ मध्येच डिफ्लेक्शनच्या आलेखासाठी fs = ०.५८fy धरला आहे, म्हणजे ४१५ ला २४०. काँक्रीटचे ८.६ मात्र ७ च्या परवानगीपेक्षा जास्त आहेत आणि यावर तुम्ही थबकाल, थबकायलाही हवं. ७ हा आकडा एम २० च्या २० वर सुमारे तीनचा सुरक्षा गुणक लावून आलेला आहे. ८.६ म्हणजे क्यूबच्या ताकदीच्या ४३ टक्के. काँक्रीटचं स्ट्रेस-स्ट्रेन नातं साधारण ४५ टक्क्यांपर्यंत जवळजवळ सरळ असतं, म्हणून आपलं सरळ त्रिकोणाचं गृहीतक अजून टिकून आहे आणि काँक्रीट चिरडण्यापासून बरंच दूर आहे. लिमिट स्टेटने ताडून पाहिलं तर बीमची अंतिम क्षमता ७५ किलोन्यूटन-मीटर येते आणि १.५ पट भाराचा मोमेंट ७१. म्हणजे आज बीम पास होतो, पण शिल्लक जवळजवळ काही नाही. म्हणूनच काँक्रीटच्या ८.६ कडे मी काणाडोळा करणार नाही. त्याचा अर्थ, या बीमाला वाढीव काहीही देऊ नका.

आता तिसरी टाकी. ती मध्यभागी बसेल आणि खरा धोका तिच्या जागेतच आहे. मध्यातल्या २ मीटरवरचे २५ किलोन्यूटन एकटे ३१.२५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट देतात. टोकाच्या दोन टाक्या मिळून २५ देत होत्या. एक टाकी त्या दोघींपेक्षा भारी पडते. एकूण ७८.७५. न्यूट्रल अ‍ॅक्सिस तोच धरून प्रमाणाने स्टील ३६८ आणि काँक्रीट १४.२ येतं.

इथे एक सावधगिरी. १४.२ म्हणजे क्यूबच्या ७१ टक्के. या पातळीला काँक्रीटचं नातं सरळ राहत नाही, दाबाचा त्रिकोण फुगून वक्र होतो, म्हणून १४.२ हा खरा स्ट्रेस नव्हे. तो फक्त सांगतो, की लवचिक हिशेबाची हद्द संपली. हद्द संपल्यावर त्याच पद्धतीने पुढचे आकडे काढून "अजून ४१५ ला पोचलं नाही" असं म्हणणं धोक्याचं. तिथे अंतिम क्षमतेकडेच जायचं, आणि ती ७५. आलेला मोमेंट ७८.७५, तोही कुठलाच गुणक न लावता. आयएस ४५६ ची ७५ ही क्षमता लोखंडावर १.१५ आणि काँक्रीटवर १.५ चे गुणक लावून आलेली असते. त्यामुळे टाकी भरली त्याच दिवशी बीम कोसळेल असं मी म्हणत नाही. पण खाली माणसं राहत असताना ते दोन गुणक खर्चून टाकायचा अधिकार तुम्हाला-मला नाही. एक लहान टाकी मध्ये ठेवू का, हे मालक विचारतीलच. स्टीलच्या २३० च्या हिशेबाने ४९ किलोन्यूटन-मीटरपर्यंत जाता येतं, म्हणजे जेमतेम दीड-दोन किलोन्यूटन-मीटर शिल्लक. त्यात मध्यभागी तीनशे लिटरही नीट बसत नाहीत, आणि काँक्रीट तर आधीच वर आहे.

हे सगळं ड्रॉइंगवरच्या आकड्यांचं झालं. साइटवर दोन गोष्टी पडताळा, कारण निकाल त्यांच्यावर फिरतो.

पहिली गोष्ट, d. ओतताना सळया वर सरकलेल्या असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. मध्यभागी एका जागी कव्हर हलकेच फोडा किंवा कव्हरमीटर लावा आणि खरी खोली मोजा. d ४०० ऐवजी ३८० निघाला तर लिव्हर आर्म त्याच प्रमाणात घटतो आणि स्टील २२२ वरून २३४ च्या आसपास जातं. मग आजच्याच भाराला परवानगी ओलांडली.

दुसरी गोष्ट, गंज. टाक्या भरून वाहतात, पाणी बीमवरून ओघळतं, तड्यांतून आत जातं. कव्हर फोडाल तेव्हा तारेच्या ब्रशने सळई साफ करा आणि कॅलिपरने व्यास घ्या. सोळाची सळई गंजून चौदाची उरली असेल तर क्षेत्रफळ ४६२ होतं, x १२२ वर येतो, लिव्हर आर्म ३५९ आणि आजच्याच ४७.५ ला स्टील २८६. व्यासात दोन मिलिमीटरच गेले, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. असं निघालं तर तिसरी टाकी बाजूलाच राहिली, आहेत त्या दोन टाक्याही निम्म्या भरायला सांगून दुरुस्तीचं काम हाती घ्यावं लागेल.

तडे काय सांगतात तेही वाचता येतं. बीमची खालची कड ४५० वर आणि न्यूट्रल अ‍ॅक्सिस १३६ वर, म्हणून मध्यभागचे तडे खालून साधारण ३०० मिमी चढून विरले पाहिजेत. खाली रुंद आणि वर जाताना निमुळते, बरेचदा रिंगांच्या ओळीत. रुंदीचा ढोबळ अंदाज स्ट्रेनमधून येतो. २२२ ला दोन लाखांनी भागून ०.००११, तडे १५० मिमीच्या अंतराने असतील तर सळईच्या पातळीवर ०.१७ मिमी आणि खालच्या कडेला ०.२ मिमीच्या आसपास. दोन तड्यांमधलं काँक्रीट थोडा ताण धरून ठेवतं, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं कमीच सापडावं. आयएस ४५६ ची सर्वसाधारण मर्यादा ०.३ आहे, पण सतत ओलीत राहणाऱ्या भागाला ०.२. तुमचा बीम ओघळामुळे दुसऱ्या प्रकारात मोडतो, तेव्हा ओव्हरफ्लोचा पाइप आधी दूर न्या आणि बीम कोरडा होऊ द्या.

मोजणी टाक्या पूर्ण भरलेल्या असताना क्रॅक गेजने करा. तडे ०.३ पेक्षा रुंद असतील, एक तडा वरच्या १०० मिमीत शिरलेला असेल, किंवा तड्याची कड सळईच्या ओळीत आडवी धावत असेल आणि तांबूस डाग असेल, तर वरचा हिशेब या बीमचं वर्णन करत नाही असं समजा. सळईच्या ओळीतला आडवा तडा वाकण्याचा नसतो, गंजून फुगलेली सळई आतून कव्हर ढकलत असते. आणि कॉलमजवळ ४५ अंशांत तिरका तडा दिसला तर तो शिअरचा. न्यूट्रल अ‍ॅक्सिसचं हे गणित त्याविषयी काहीच बोलत नाही. रिंगांचं अंतर मोजून तो वेगळा तपासावा लागतो, आणि तोपर्यंत टाक्या खाली करा.

तिसऱ्या टाकीसाठी मी मालकांना वेगळी जागा सुचवीन. बीमचा मध्य सोडून, शेजारच्या कॉलमांच्या डोक्यांवर रोल्ड स्टीलचे दोन आय सेक्शन टाका आणि टाकी शक्य तितकी कॉलमजवळ घ्या. ते सेक्शन जुन्या बीमांना कुठेही टेकता कामा नयेत. नाहीतर जुना बीम झोलताना त्यांचा आधार बनतो किंवा ते त्याच्यावर रेलतात, आणि आपला सगळा हिशेब फसतो. त्याआधी त्या कॉलमांवर आणि पायावर ५० किलोन्यूटन वाढतात ते तपासून घ्या. जुळे सोलापुरात काळ्या मातीचा थर कुठे किती खोल आहे ते प्लॉटप्रमाणे बदलतं आणि जुन्या पायाची खोली ड्रॉइंगशी जुळेलच असं नाही. तिथे एका फूटिंगशेजारी खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय आय सेक्शनची ऑर्डर देऊ नका.